पार्टनरच्या वाढदिवसाला काय लिहावं, आणि काय वहीतच ठेवावं

प्रश्न: उद्यमबागेत आमची दोघांची छोटी फाउंड्री आहे. पार्टनर लवकरच पन्नाशीचा होतोय. त्यानं माझ्याबरोबर घेतलेली जोखीम आणि इतकी वर्षं टिकवलेला विश्वास, याबद्दल त्याला मनापासून चार ओळी लिहायच्यात. पण लिहायला बसलो की एक तर भाषण होतंय, नाही तर हिशेब. कसं लिहू?

उत्तर:

मेसेज बाजूला ठेवा आणि आधी एक कोरा कागद घ्या. मधोमध रेघ मारा. एका बाजूला लिहा, धंदा बुडाला असता तर त्याचं काय गेलं असतं. दुसऱ्या बाजूला लिहा, तुमचं काय गेलं असतं. रक्कम लिहायची गरज नाही. घर, बायकोचे दागिने, नोकरी सोडून आलेला असेल तर ती नोकरी, सासऱ्यांकडून उसने आणलेले पैसे, बाजारातली पत, जे असेल ते. दोन्ही बाजू खऱ्याखुऱ्या भरल्यात की काय लिहायचं ते निम्मं तुमच्यासमोर आलेलं असेल.

बेळगावात भागीदारीचे करारनामे आणि वर्षाचे हिशेब करून देणं हे माझं काम. त्याच्या ओघात लोक असल्या पत्रांचे मसुदेही घेऊन येतात: वाढदिवसाचे, निवृत्तीचे, कधी भांडणानंतरच्या समेटाचे. त्यातलं एक वाक्य मला पाठ झालंय. "आपण दोघांनी खांद्याला खांदा लावून जोखीम घेतली." वाचायला बरं वाटतं, आणि बहुतेक वेळा ते खरं नसतं. लिहिणाऱ्याला पत्ता नसतो, पण वाचणाऱ्याला ते बरोबर टोचतं.

कागदावर जोखीम सारखी असते, हे मान्य. १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम २५ सांगतं की फर्मच्या देण्याला सगळे भागीदार मिळून जबाबदार, आणि प्रत्येक जण एकटाही पूर्ण जबाबदार. म्हणजे नफ्यात वाटा निम्मा असला तरी बँक सगळी थकबाकी दोघांपैकी एकाच्याच मागे लागून वसूल करू शकते. आता बँक कुणाच्या मागे लागेल? ज्याच्याकडे घेण्यासारखं काही आहे त्याच्या. ज्याचं घर तारण आहे त्याची जोखीम आणि जो भाड्याच्या घरात राहतो त्याची जोखीम, दोघांच्या सह्या एकाच कागदावर असल्या तरी एक नसते. तुमच्या कागदावरच्या दोन बाजू सारख्या भरल्या नसतील, आणि बहुधा नसणारच, तर आभार त्या फरकाचे मानायचे. "आपण दोघांनी" असं लिहिलंत की तो फरकच पुसला जातो.

तुमचे तपशील मला माहीत नाहीत, म्हणून माझ्याकडे येणाऱ्या एका जोडीचं उदाहरण घेतो. ओळख पटू नये इतपत काही गोष्टी बदलल्या आहेत. फाउंड्रीच आहे, त्यामुळे तुम्हाला अनोळखी वाटणार नाही.

दोघांतला एक भट्टी आणि मोल्डिंग बघतो, दुसरा ऑफिस, ऑर्डरी आणि उधारी. वाढदिवस भट्टीवाल्याचा, मेसेज लिहायचा होता ऑफिसवाल्याला. सुरुवातीला त्यांच्याकडे क्युपोला, म्हणजे कोकवर चालणारी भट्टी होती. मिळेल ते स्क्रॅप, थोडं पिग आयर्न, आणि ओतकाम. पंपाच्या बॉडी करायला लागल्यावर अडचण सुरू झाली. क्युपोलात लोखंड कोकच्या संगतीतच वितळतं, त्यामुळे कार्बन आणि गंधक त्यात उतरतं आणि आजच्या मालाचं रसायन उद्याच्या मालाशी जुळेलच असं नाही. गिऱ्हाइकानं सांगितलं, प्रत्येक हीटचं, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या लोखंडाचं, रसायन सारखं पाहिजे, नाही तर ऑर्डर दुसरीकडे जाईल. मग इंडक्शन भट्टी घ्यायची ठरली. भट्टी आली म्हणजे वीज कंपनी हेस्कॉमकडून हाय टेन्शनची जोडणी आली, ट्रान्सफॉर्मर आला, पॅनेल आलं, आणि या सगळ्यासाठी कर्ज आलं.

बँकेनं तारण मागितलं. ऑफिसवाला तेव्हा भाड्यानं राहत होता, त्याच्याकडे द्यायला काही नव्हतं. भट्टीवाल्याचं शहापुरात घर होतं, तेही आईच्या नावावर. म्हातारीनं बँकेत येऊन सही केली. करारनाम्यात दोघांचा वाटा अर्धा-अर्धाच राहिला. घर मी देतोय तर मला साठ टक्के दे, असं भट्टीवाला म्हणू शकला असता. मीही त्याला बाजूला घेऊन हे सुचवलं होतं, माझं कामच ते. तो म्हणाला, "राहू दे की, लिही निम्मं-निम्मं."

पुढं कोल्हापूरकडच्या एका गिऱ्हाइकाची मोठी उधारी बुडाली. ती ऑर्डर ऑफिसवाल्यानं आणली होती आणि मुदतही त्यानंच वाढवून दिली होती. त्यातून सावरतायत तोवर २५ मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला. भट्टी गार पडली, मोल्डिंगची पोरं जमेल तशी गावाकडं गेली. कर्जाच्या हप्त्यांना ऑगस्टअखेरपर्यंत सवलत मिळाली, पण ती सवलत हप्ता लांबवायची होती, व्याज चालूच होतं. त्या महिन्यांत दोघांनीही उचल घेतली नाही. मात्र ऑफिसवाल्याची बायको शिक्षिका, तिचा पगार येत होता. भट्टीवाल्याच्या घरात दुसरा पगार नव्हता, आणि तरीही त्यानं बायकोचं सोनं तारण ठेवून तीन लाख रुपये फर्ममध्ये घातले.

एवढं सगळं पोटात असताना ऑफिसवाल्यानं लिहून आणलेला मसुदा असा होता:

"प्रिय पार्टनर, पन्नासाव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! आपण दोघांनी खांद्याला खांदा लावून अनेक संकटांवर मात केली. तू माझ्यावर आंधळा विश्वास ठेवलास, कधी हिशेबसुद्धा विचारला नाहीस. लॉकडाऊनमध्ये तू घातलेले तीन लाख अजून माझ्याकडे आहेत हे मी विसरलेलो नाही. लवकरच तुझं घरही सोडवून देतो. तुझे उपकार या जन्मी फिटणार नाहीत."

तुम्ही म्हणता तसं, अर्धं भाषण आणि अर्धा हिशेब. मनात खोट कुठंच नाही, पण एकेका वाक्यात काय दडलंय ते बघा.

खांद्याला खांदा, त्याबद्दल वर बोललोच. त्याच्या आईच्या घराची कागदपत्रं बँकेत पडून आहेत आणि हा म्हणतो, आपण दोघांनी.

त्याहून घातक वाक्य आहे ते आंधळ्या विश्वासाचं. भागीदाराला फर्मच्या वह्या बघायचा, तपासायचा, त्यांची नक्कल घ्यायचा हक्क कायद्यानंच दिलाय, कलम १२ मध्ये. आपल्याकडं मात्र हिशेब न विचारणं हा मोठेपणा समजला जातो. वाढदिवसाला तुम्ही त्याची हीच गोष्ट वाखाणलीत तर पुढच्या वर्षी त्याला एखादी नोंद खटकली तरी तो तोंड उघडणार नाही. विचारलं तर आपला तो नावाजलेला विश्वास मोडला असं होईल, ही भीती. न विचारलेली शंका मग घरी जेवताना निघते, बायकोसमोर, भावासमोर. मी तुटताना पाहिलेल्या भागीदाऱ्यांत हिशेब मागितल्यामुळे तुटलेली मला आठवत नाही. बरीच वर्षं न मागता एकदम वकिलामार्फत मागितला, अशा मात्र आहेत.

म्हणून मी ऑफिसवाल्याला विचारलं, "खरंच त्यानं कधी हिशेब विचारला नाही?" तो हसला. म्हणाला, "विचारतो की. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येऊन बसतो. बिलं बघतो, बँकेचं स्टेटमेंट बघतो." आणि ते कोल्हापूरचे पैसे बुडाले तेव्हा? "तेव्हा तर सगळी खतावणी मागवून घेतली. अर्धा तास बघितली. वही मिटली आणि म्हणाला, गेलं ते गेलं की, उद्याच्या हीटला स्क्रॅप आलंय काय बघ आधी." त्यानंतर? "त्यानंतर तो विषय कधी निघालाच नाही. घरी नाही, शेडमध्ये नाही, भांडलो तेव्हासुद्धा नाही."

तुम्ही ज्याला टिकवलेला विश्वास म्हणताय तो इथं सापडतो. माणूस बघतो, विचारतो, आणि उत्तर मिळाल्यावर ते पुरे धरतो. झालेलं नुकसान पुढच्या भांडणात हत्यार म्हणून काढत नाही. हे लिहिता येतं, कारण हे घडलंय. तुमच्या पार्टनरच्या बाबतीतही असं एखादं प्रकरण असणारच: परत आलेला लॉट, फसलेली ऑर्डर, चुकीच्या माणसाला दिलेला ॲडव्हान्स. त्या दिवशी तो काय बोलला ते आठवा आणि त्याच्याच शब्दांत लिहा, सुधारून लिहू नका. तो "काय की" म्हणाला असेल तर "काय की"च ठेवा. त्यानं तुम्हाला काय केलं नाही, तेही आठवून बघा. चारचौघांत ऐकवलं नाही, बँकेतली सही मागं घेतली नाही, गिऱ्हाइकासमोर तुमचा शब्द खाली पडू दिला नाही. विश्वास पुष्कळदा अशा न केलेल्या गोष्टींत असतो आणि त्या कुणी मोजत नाही.

आता तीन लाख. इथं मी मसुद्यावर लाल रेघ मारली, आणि तुम्हालाही सांगतो की वाढदिवसाच्या मेसेजमध्ये रक्कम येऊ द्यायची नाही. ते पैसे त्यानं फर्मला दिले होते. "माझ्याकडे आहेत" म्हटल्यावर फर्मचं देणं या माणसाचं वैयक्तिक देणं असल्यासारखं दिसायला लागतं. दावा किती काळात लावायचा हे ठरवणाऱ्या मुदतीच्या कायद्यात एक तरतूद आहे, १९६३ च्या कायद्याचं कलम १८. मुदत संपायच्या आधी देणेकऱ्यानं सही करून लेखी कबुली दिली तर त्या दिवसापासून मुदत नव्यानं मोजतात. मोबाइलवरचा मेसेज त्यात बसतो की नाही, त्याला सही म्हणायचं की नाही, यावर वकील भांडत बसतील. इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून पुढं आणता येते एवढं मात्र नक्की. उद्या तुमच्या दोघांत नाही, पण तुमच्या मुलांमध्ये वाद झाला तर हा मेसेज कुठल्या फायलीत लागेल सांगता येत नाही. शुभेच्छेचा कागद कोर्टाच्या कामाला येईल असा लिहू नये.

त्या रकमेची जागा वहीत आहे. भागीदारानं ठरलेल्या भांडवलापेक्षा जास्त पैसे धंद्यासाठी घातले तर त्यावर वर्षाला सहा टक्के व्याज, असं कलम १३ म्हणतं. करारनाम्यात वेगळं ठरवलं असेल तर ते. मी या दोघांची वही उघडून बघितली तर तीन लाख त्याच्या भांडवली खात्यात ढकललेले, व्याज कुठंच नाही. आधी ते नीट केलं. रक्कम त्याच्या नावानं कर्ज खात्यात घेतली, व्याजाची नोंद धरली, दोघांच्या सह्या घेतल्या. तुमच्याकडं असं काही लोंबकळत असेल तर वाढदिवसाच्या आधीच्या आठवड्यात तेवढं उरकून टाका. वहीत जागच्या जागी असलेली रक्कम मेसेजमध्ये आणावीशी वाटत नाही. मनावर ओझं असतं तेव्हाच ती लेखणीत येते.

घर सोडवून देतो, हे वचनही काढलं. कर्ज चालू असताना ते तुमच्या हातात नसतं. कर्ज फिटलं असेल तर गोष्ट वेगळी. पूर्ण परतफेडीनंतर तीस दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियम व्यक्तींच्या वैयक्तिक कर्जांसाठी आहे, फर्मच्या धंद्याच्या कर्जाला तो लागू होईल असं धरून चालू नका. तुमचं कर्ज संपत आलं असेल तर बँकेत चौकशी करा. कागद हातात आल्यावर लिहा, त्याआधी नाही.

"उपकार या जन्मी फिटणार नाहीत" हेही मी काढायला लावलं, जरा नाइलाजानं. आपल्या भाषेला या वाक्याची सवय आहे. पण उपकार म्हटलं की एक जण वर जातो आणि दुसरा खाली, आणि सोमवारी दोघांना एकाच टेबलाशी बसून स्क्रॅपच्या भावावरून वाद घालायचा असतो. पार्टनरला तुम्ही उपकारात दबलेले नको असता, त्याला वाद घालणारा माणूस हवा असतो.

मग उरलं काय? मसुदा पुन्हा लिहिला तो असा. भट्टीवाला वयानं थोडा मोठा, ऑफिसवाला त्याला "अण्णा" म्हणतो आणि अरे-तुरेही करतो, म्हणून तसंच ठेवलं:

"अण्णा, वाढदिवसाच्या शुभेच्छा. पन्नास झाले तुझे, भट्टीसमोर मात्र अजून कुणाला पुढं होऊ देत नाहीस.

नवी भट्टी घेतली तेव्हा करारात आपला वाटा निम्मा-निम्मा होता, पण जोखीम निम्मी-निम्मी नव्हती. माझं जाण्यासारखं फार काही नव्हतं. तुमचं राहतं घर होतं. सही करून बँकेतनं बाहेर आलास आणि लायनिंगचं सामान कधी येतंय एवढंच विचारलंस. तो दिवस माझ्या लक्षात आहे.

कोल्हापूरची उधारी बुडाली ती ऑर्डर मी आणलेली. तू सगळी खतावणी बघितलीस आणि म्हणालास, 'गेलं ते गेलं की, उद्याच्या हीटला स्क्रॅप आलंय काय बघ आधी.' नंतर कितीदा तरी भांडलो आपण, पण ते पैसे तू मध्ये कधी आणले नाहीस. दर महिन्याला वही बघतोस, विचारायचं ते विचारतोस, आणि मी सांगितलं की पुढं जातोस. असंच बघत राहा आणि विचारत राहा.

लॉकडाऊनमध्ये तुझ्या घरानं काय सोसलं ते मला माहीत आहे. वहिनींना माझा नमस्कार.

संध्याकाळी आईंना भेटायला येतोय. कुंदा आणतोय, पण तो त्यांच्यासाठी. तू शुगर सांभाळ."

यात आभार हा शब्द एकदाही नाही, आणि तो घालावा असं आम्हा दोघांनाही वाटलं नाही. सोन्याचा उल्लेख नाही, रक्कम नाही. "तुझ्या घरानं काय सोसलं" एवढ्यावर भागतं, कारण दोघांनाही ते ठाऊक आहे. तिसऱ्या कुणी वाचलं तर त्याला काही कळणार नाही, आणि कळायची गरजही नाही. "असंच विचारत राहा" ही ओळ मी आग्रहानं घालायला लावली. पुढच्या वर्षाची सोय तिच्यात आहे.

तुम्ही लिहून झालं की एक तपासणी करा. तुमच्या पार्टनरचं नाव काढून मेव्हण्याचं नाव घाला. तरी मेसेज चालत असेल तर त्यात अजून तुमची फाउंड्री आलेली नाही. वरच्या मसुद्यात मेव्हण्याचं नाव घालून बघा, दुसऱ्याच ओळीला अडेल.

आणखी एक खूण म्हणजे "मी". कृतज्ञतेच्या पत्रात लिहिणारा नकळत स्वतःचीच गोष्ट सांगायला लागतो: मी किती खचलो होतो, मला किती वाटलं, मी कसा उभा राहिलो. एखाद-दुसरं ठीक. सगळी क्रियापदं तुमचीच असतील तर वाढदिवस तुमचा होतो.

हा मेसेज फक्त त्याला पाठवायचा. व्यवसायाच्या ग्रुपवर नाही, त्याच्या घरच्या ग्रुपवरही नाही. ग्रुपवर स्क्रॅपवाला असतो, वाळूवाला असतो, गिऱ्हाइकाचा पर्चेसवाला असतो. तिथं "कठीण काळात घर तारण ठेवून" असं वाचलं की पर्चेसवाला डोळे पुसत बसत नाही. त्याला प्रश्न पडतो, यांची परिस्थिती बरी आहे ना? पुढच्या आठवड्यात स्क्रॅपवाला रोख मागतो. घरच्या ग्रुपवर वेगळीच भानगड. आईचं घर तारण ठेवलेलं धाकट्या भावाला किंवा लग्न झालेल्या बहिणीला माहीत असेलच असं नाही, आणि ते त्यांना तुमच्या शुभेच्छेतून कळू नये.

ग्रुपसाठी वेगळ्या दोन ओळी पुरतात, आणि तिथं भाषा बदलते. कामगारांसमोर त्याला तुम्ही "तुम्ही" म्हणत असाल तर इथंही "तुम्ही"च: "आज अण्णांचा पन्नासावा वाढदिवस. आपल्या शेडमधून जाणारं कास्टिंग हातात घेऊन बघितल्याशिवाय ते सोडत नाहीत, आणि म्हणूनच आपला माल परत येत नाही. अण्णा, मनःपूर्वक शुभेच्छा. चहाच्या सुट्टीत सगळ्यांनी ऑफिसजवळ यायचं." माल खरंच परत येत नसेल तरच ते मधलं वाक्य ठेवा. ब्लोहोलचा लॉट नुकताच परत आला असेल तर पोरं गालात हसतील.

आपल्या भागात पार्टनरच्या घरची भाषा कन्नड असणं हे रोजचंच. तसं असेल तर जी भाषा तुम्ही शेडमध्ये भांडताना वापरता तीच लिहा. मराठी बोलणाऱ्या पण देवनागरी सावकाश वाचणाऱ्या माणसाला वरच्यासारखा मेसेज जड जातो. त्याला तो आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, कागदावरून वाचल्यासारखा नाही, नेहमी बोलता तसा. "हुट्टुहब्बद शुभाशयगळु" एवढं एक घातलंत तर बरंच, पण एरवी त्याच्याशी कन्नडचा एक शब्दही बोलत नसाल तर त्या दिवशीच कशाला?

रात्री बाराला पाठवू नका. भट्टीवाला माणूस एक तर झोपलेला असतो नाही तर हीटवर असतो, आणि हीट चालू असताना फोन वाजलेला त्याला खपत नाही. पहिली हीट ओतून झाल्यावर, तो हात धुऊन बसतो त्या वेळी पाठवा. उत्तरात नुसता अंगठा आला तर तेवढंच उत्तर समजा, कसा वाटला मेसेज म्हणून विचारायला जाऊ नका.

आणि सगळ्यात आधी तारीख बघून घ्या. करारनाम्यात, आधारवर आणि बँकेच्या फॉर्मवर १ जून लिहिलेलं असेल तर ती बहुधा शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेली तारीख आहे. त्या पिढीत निम्म्या वर्गाचा वाढदिवस १ जूनलाच असायचा. बँकेची शुभेच्छा त्या दिवशी येईल, गाडीच्या शोरूमची येईल. तुमची त्या दिवशी गेली तर तीही त्यांच्यातच जमा होईल. वहिनींना गुपचूप विचारा, किंवा आईंना. त्यांना तारीख आठवली नाही तरी तिथी आणि वार आठवत असतो, त्यावरून जुन्या पंचांगात तारीख काढता येते.